करवंटीचा कोळसा आणि पोटातले विष

«विषबाधा झाली की करवंटीचा कोळसा कुटून दोन चमचे पाण्यातून पाजा. पोटातलं कसलंही विष तो ओढून घेतो. अपाय काहीच नाही. गोव्यातल्या प्रत्येक घरात पोचवा.»

करवंटीपासून औषधी कोळसा बनतो, हे खरे. या संदेशाला बळ मिळते ते त्यामुळेच. मात्र चुलीतून काढलेला कोळसा आणि रुग्णालयातला सक्रिय कोळसा यांच्यामध्ये एक मोठी प्रक्रिया आहे. 800 ते 1000 अंश सेल्सियस तापमानाला वाफेचा मारा करून कोळशाच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली जातात, आणि मग त्याच्या एका ग्रॅमच्या आतबाहेरचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास जाते. विषाचे रेणू चिकटतात ते या पृष्ठभागावर. स्पंज पाणी पोटात घेतो तसे हे शोषण नव्हे. याला अधिशोषण म्हणतात. चुलीतल्या कोळशात ती छिद्रे फारशी उघडलेलीच नसतात.

दोन चमच्यांचा हिशेबही जुळत नाही. साधारण नियम असा, की विषाच्या वजनाच्या दहापट कोळसा असावा, कारण रेणूंची पकड सैल असते आणि जागा अपुरी पडली तर ते पुन्हा सुटतात. म्हणून प्रौढाला सहसा 50 ग्रॅम आणि लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅम कोळसा देतात, तोही शक्यतो विष पोटात गेल्यापासून तासाभरात. पॅरासिटामॉलसारख्या औषधाच्या बाबतीत या वेळेत दिलेल्या कोळशाचा खरोखर उपयोग होतो. जे विष एव्हाना रक्तात उतरले, त्याला आतड्यातला कोळसा सहसा गाठू शकत नाही.

संदेशातला सर्वांत धोकादायक शब्द मात्र «कसलंही» हा आहे. कोळशाला चिकटतात ते मुख्यतः पाण्यात राहायला फारसे राजी नसलेले, मोठे सेंद्रिय रेणू. लोह, लिथियम, पोटॅशियम यांचे आयन लहान आणि विद्युतभारित असतात. पाण्याच्या रेणूंनी त्यांना चहूबाजूंनी घेरलेले असते, आणि तो घेर सोडून कोळशाकडे जाण्याचे त्यांना काही कारणच नसते.

याचे घरातले उदाहरण म्हणजे गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल लोहगोळ्या. समजा, डिचोलीतल्या एखाद्या घरात 12 किलो वजनाच्या मुलाने त्या गोड समजून 14 गोळ्या खाल्ल्या. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, म्हणजे एकूण 840 मिलिग्रॅम, म्हणजेच दर किलोमागे 70. दर किलोमागे 60 मिलिग्रॅमच्या वर गेले की विषबाधा गंभीर होण्याचा धोका धरतात. पहिल्या काही तासांत मुलाला उलट्या आणि जुलाब होतात, कधी त्यांत रक्तही दिसते. त्यानंतर बऱ्याचदा ते शांत होते, खेळूही लागते, आणि घरच्यांना वाटते की कोळसा लागू पडला. प्रत्यक्षात लोह तेव्हा पेशींत शिरत असते, आणि पुढे रक्तदाब कोसळणे, यकृत निकामी होणे हे सगळे त्यानंतर येते. अशा मुलाचा क्ष-किरण फोटो काढला तर गोळ्या पोटात दिसू शकतात. गरजेनुसार आतडी धुऊन काढणारे द्रावण देतात, आणि लोहाला रक्तात धरून लघवीवाटे बाहेर नेणारे डेस्फेरिऑक्सामिन शिरेतून चालू करतात. काम या उपचारांचे आहे, कोळशाचे नव्हे.

मद्य आणि मिथेनॉल यांचे रेणूही लहान आणि पाण्यात सहज मिसळणारे, त्यामुळे फेणी जास्त झालेल्या माणसाला कोळसा पाजणे निरर्थक. संडासात ओतायचे आम्ल किंवा तीव्र क्षार पोटात गेला तर अन्ननलिका भाजलेली असते. तेथे कोळशाने फायदा तर होत नाहीच, उलट दुर्बिणीतून जखम पाहायची असते तिथे सगळीकडे काळे लेपून बसते. रॉकेलचा खरा धोका फुप्फुसांना असतो आणि कोळशाने उलटी झाली तर तो वाढतो. साप चावला असेल तर विष पोटात नसतेच.

राहिला «अपाय काहीच नाही» हा दावा. गुंगीत असलेल्या माणसाचा घसा स्वतःचे रक्षण करत नाही, आणि अशा वेळी तोंडात ओतलेला काळा चिखल श्वासनलिकेत उतरला तर फुप्फुसांना गंभीर इजा होते, प्रसंगी जीव जातो. रुग्णालयात म्हणूनच आधी रुग्णाची शुद्ध तपासतात, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालतात, मगच कोळशाचा विचार करतात.

घरच्यांनी करायचे काम वेगळे आहे. 108 ला फोन करावा, ओकारी काढायला लावू नये, आणि गोळ्यांची पट्टी किंवा बाटली सोबत घ्यावी. पट्टीत किती गोळ्या उरल्या आणि किती वाजता खाल्ल्या, एवढे सांगता आले तरी वरचा हिशेब डॉक्टरांना दारातच मांडता येतो.