ट्रस्टने उत्तरच पाठवू नये, असे पत्र

मुलगी एमबीबीएसला लागली, फी भरायची आहे आणि धर्मादाय ट्रस्टकडे शिष्यवृत्ती मागायची आहे. पत्र अर्थातच ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून सुरू करा. मग दुष्काळ. गाव वाळव्यात, कृष्णेच्या काठावर असले तरी दुष्काळ जतचा घ्या. पाकिटावरचा तालुका ट्रस्टमध्ये कोण वाचतो?

आता कागद. सातबारा जोडा: आजोबांच्या नावे सहा एकर, पीकपाण्यात ऊस. शेजारी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लावा: 80,000 रुपये. मध्ये खुलाशाची एक ओळही नको. छाननी करणारा कारकूनही बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. एकरी 40 टन, सहा एकरांचे 240 टन, टनाला 3,000 धरले तर 7,20,000 रुपये, हा हिशेब तो चहा संपायच्या आत करतो आणि दाखला खोटा ठरवून फाइल बाजूला सारतो.

खरी गोष्ट वेगळी असते. आजोबांना चार मुलगे. वाटणी झाली तरी फोड कागदावर नाही, म्हणून सातबारा अजून आजोबांच्याच नावे. मुलीच्या वडिलांच्या वाट्याला दीड एकर, म्हणजे 60 टन, 1,80,000 रुपये. त्यातून बेणे, खते, मशागत आणि पाणीपट्टी वजा जाता 80,000 उरतात. पाच ओळींत हे मावते, सोबत वडिलांच्या नावची कारखान्याची ऊसबिले जोडता येतात. पण तेवढ्याने पत्रातले कारुण्य पातळ होते, तेव्हा राहू द्या.

रक्कम तर मुळीच लिहू नका. ‘यथाशक्ती मदत व्हावी’ यात केवढा विनय आहे! नाहीतर लिहावे लागेल: शिक्षणशुल्क 1,20,000, वसतिगृह, मेस आणि पुस्तके 80,000, एकूण दोन लाख. महाडीबीटीवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे, त्यातून मुलीचे संपूर्ण शिक्षणशुल्क, म्हणजे 1,20,000 येतील. घरून 50,000. तूट 30,000. असा आकडा दिला की विश्वस्तांना बैठकीत विचार करायला काही उरतच नाही. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज तर लपवाच. पुढे कॉलेजच्या लेखाविभागाकडे चौकशी गेली की ट्रस्टला तो कळतोच, आणि मग बाकीचे खरे आकडेही संशयात सापडतात.

धनादेश काकांच्या नावे मागा. बरेच ट्रस्ट तो थेट कॉलेजच्या नावे काढतात. त्यांना आपल्या काकांची ओळख नाही, एवढेच.

चुकून पहिला हप्ता मिळालाच, तर पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि फीची पावती कपाटात नीट जपून ठेवा. ट्रस्टला पाठवू नका. दुसरा हप्ता का अडला, यावर पारावर वर्षभर चर्चा करता येते.