‘रोगव्याधी समस्तही’ आणि व्हिडिओचं शीर्षक : एका प्रतिक्रियेला उत्तर

*“ताई, लेख वाचला, पटला नाही. भीमरूपीत समर्थांनीच ‘रोगव्याधी समस्तही’ नाश पावतात असं लिहिलंय. मग आम्ही ते कॅप्शनमधून खोडायचं का? देवाचं नाव घ्यायलाही आता गुगलची परवानगी? बाकीचे चॅनलवाले ‘शुगर मुळापासून गायब’ लिहून लाखोंनी व्ह्यूज घेतात, त्यांना कोणी विचारत नाही. आणि खाली डिस्क्लेमर टाकला की प्रश्न मिटतोच ना? आमच्या मंडळाचे जुने व्हिडिओ पण असेच आहेत, ते काय उडवून टाकू?”*

दादा, नमस्कार. स्तोत्राच्या व्हिडिओवर आजार बरा होण्याचे दावे लिहू नका, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

समर्थांची ओळ खोडायची अजिबात गरज नाही. उलट ती खोडली तर मीच तुमच्याशी भांडेन. स्तोत्र म्हटलं जातंय आणि कॅप्शनमध्ये जे म्हटलं जातंय तेच उमटतंय, यात दावा करणारे तुम्ही नसता. ती स्तोत्राची फलश्रुती आहे, ती कोणी रचली हे सगळ्यांना ठाऊक आहे. सबटायटलच्या फाइलमध्ये ती अशी दिसेल:

```
14
00:02:06,000 --> 00:02:12,500
भूतप्रेतसमंधादी रोगव्याधी समस्तही

15
00:02:12,500 --> 00:02:18,000
नासती तुटती चिंता आनंदे भीमदर्शनें
```

इथपर्यंत काहीच आक्षेपार्ह नाही. पण कित्येक फाइलींत याच्या खाली एक सोळावी नोंद असते: ‘हा श्लोक रोज ११ वेळा ऐका, बीपीची गोळी सुटेल’. ती कोणी म्हटलेली नसते. मागे टाळ वाजत असतात आणि पडद्यावर हे वाक्य येतं. ते समर्थांचं नाही, मंडळाचं आहे, आणि त्याची जबाबदारीही मंडळाचीच. कॅप्शन, शीर्षक, थंबनेल, वर्णन, टॅग, पिन केलेली कमेंट, प्रत्येक ठिकाणी मी एवढंच बघते : हे वाक्य पोथीतलं आहे की आपलं? आपलं असेल आणि त्यात आजाराचं नाव किंवा बरं होण्याची हमी असेल, तर ते काढायचं.

आता परवानगीचं. यातला मुख्य कायदा गुगलच्या जन्माच्याही आधीचा आहे. ‘औषधी आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ चा. त्यात जादूच्या उपायाच्या व्याख्येतच ताईत, मंत्र आणि कवच ही नावं आहेत, अर्थात रोग बरा करण्याची चमत्कारिक शक्ती त्यांच्यात असल्याचं सांगितलं जात असेल तेव्हा. सोबतच्या अनुसूचीत आजारांची यादी आहे. मधुमेह, कॅन्सर, कमी-जास्त रक्तदाब, पक्षाघात, मुतखडा, स्त्रियांचं वंध्यत्व, सगळं त्यात येतं. गंमत अशी की भक्तीच्या व्हिडिओंच्या थंबनेलवर नेमके हेच आजार असतात. कायद्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत. त्यामुळे ‘शुगर जाते अशी भाविकांची श्रद्धा आहे’ असं लिहून आपण सुटलो असं समजू नका. यात कोणत्याही एका धर्माचं नाव नाही. प्रार्थनासभेत ‘कॅन्सर गेला’ म्हणणाऱ्या व्हिडिओलाही हाच नियम.

मात्र घाबरवून टाकायचं नाही म्हणून हेही सांगते. मंत्र-ताईतांच्या जाहिरातींचं त्यातलं कलम असे उपाय करणं हाच धंदा असणाऱ्याला, किंवा तसं भासवणाऱ्याला लागू आहे. शनिवारी देवळात बसून स्तोत्र म्हणणारं भजनी मंडळ सहसा त्यात बसत नाही. गाडी घसरते ती वर्णनात ‘सिद्ध केलेलं यंत्र घरपोच, खालील नंबरवर संपर्क’ आलं की. हनुमान चालीसा यंत्राच्या टीव्हीवरच्या जाहिरातींबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला : देवाच्या नावाच्या वस्तूत चमत्कारिक शक्ती आहे असं सांगून ती जाहिरातीतून विकणं आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे.

त्याच २०१३ च्या कायद्यावर आपल्याकडे फार गैरसमज आहेत. हरिपाठ, कीर्तन, भजन, वारी यांना त्यात स्पष्ट सूट आहे. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, त्यांचा प्रसार करणं, यालाही आहे. तेव्हा ‘ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले ती कथा’ असं शीर्षक बिनधास्त द्या. हयात बाबांच्या चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणं, लुबाडणं मात्र गुन्हा आहे.

कायदा इतका सांगितला, पण रोजच्या व्यवहारात तुमची गाठ पडते ती प्लॅटफॉर्मशी, आणि तिथे कोण धंदेवाईक, कोण भाविक हे बघत नाहीत. एका मंडळाचा व्हिडिओ माझ्याकडे दुरुस्तीला आला होता, तोच घेऊ. पठण सुरेख, खणखणीत. शीर्षक : ‘चमत्कारी मारुती स्तोत्र | फक्त ११ दिवस ऐका | मधुमेह-बीपी मुळासकट गायब’. थंबनेलवर एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला हात जोडलेला डॉक्टर आणि ‘डॉक्टरही थक्क!’. वर्णनात ‘अनेकांच्या गोळ्या बंद झाल्या’. टॅगमध्ये `diabetes cure`, `cancer mantra`. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओसमोर पिवळा डॉलर, म्हणजे जाहिराती मर्यादित किंवा बंद. मंडळाचं म्हणणं, ‘स्तोत्राला जाहिरात नाही मिळत, हा अन्याय आहे.’ स्तोत्राला कोणीच काही केलं नव्हतं.

शीर्षक केलं ‘भीमरूपी महारुद्रा | मारुती स्तोत्र अर्थासह | समर्थ रामदास | शनिवारचं पठण’. थंबनेलवरचा डॉक्टर गेला, गावच्या मारुतीचा शेंदूर लावलेला फोटो आला. वर्णनात सुरुवातीला कोणी म्हटलंय, कुठल्या देवळात, तबल्यावर कोण, आणि मग पूर्ण स्तोत्र. शेवटच्या श्लोकांच्या आधी ‘फलश्रुती’ असं उपशीर्षक घातलं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की पुढचं स्तोत्र सांगतंय, चॅनल नव्हे. ‘गोळ्या बंद’ हे वाक्य मी सगळ्यात आधी काढलं. यूट्यूबला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, उपचारांपासून माणसाला परावृत्त करणं. त्यात नुसती जाहिरात जात नाही, व्हिडिओ उडू शकतो आणि चॅनलला स्ट्राइक बसू शकतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद, आणि स्ट्राइक बसल्यावर व्हिडिओ डिलीट केला तरी तो पुसला जात नाही.

हे सगळं बदलून झाल्यावरच फेरतपासणी मागितली. बरेच जण उलटं करतात, आधी अर्ज आणि मग दुरुस्ती. तपासणारा माणूस व्हिडिओबरोबर शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि टॅगही बघतो, त्यामुळे तो क्रम पाळा. एक अडचण मात्र कॅप्शन बदलून सुटत नाही. या व्हिडिओच्या सुरुवातीला निवेदक तोंडानेच ‘माझ्या मामांची शुगर गेली’ म्हणत होते. तेवढा तुकडा स्टुडिओच्या एडिटरमध्ये कापावा लागला.

‘बूस्ट’चं बटण दाबलं की नियम आणखी कडक होतात, कारण त्या क्षणी तुमची पोस्ट जाहिरात ठरते. फेसबुकवर तर ‘तुम्हाला मूल होत नाही?’, ‘कर्जात बुडालात?’ असा प्रश्नही चालत नाही. बघणाऱ्याचा आजार, धर्म किंवा पैशाची स्थिती आपल्याला माहीत आहे असं जाहिरातीतून सुचवायला तिथे मनाई आहे. ‘हनुमान जयंतीनिमित्त सामूहिक पठण, पहाटे पाच वाजता’ एवढं लिहा, त्याला कोण अडवतंय.

डिस्क्लेमरवर माझं मत तुम्हाला आवडणार नाही. वर ‘मधुमेह गायब’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आम्ही कोणताही दावा करत नाही’, हा डिस्क्लेमर नाही, कबुलीजबाब आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट म्हणतात की दिशाभूल करणारा दावा डिस्क्लेमरने दुरुस्त करता येत नाही, आणि डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत असायला हवा. मराठी दाव्याखाली इंग्रजी ओळ टाकणाऱ्यांनी हे वाचावं. वस्तू किंवा सेवा विकत असाल तर ग्राहक कायद्यात पहिल्याच वेळी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

भाविकांच्या कमेंटचंही असंच. कोणी मनापासून लिहिलं, ‘माझी गाठ विरघळली’, तर तो त्यांचा अनुभव. वाद घालू नका, ‘जय हनुमान’ म्हणा. पण ती कमेंट वर पिन केली, तिचा स्क्रीनशॉट पुढच्या थंबनेलवर लावला, की तो दावा तुमचा झाला. ‘मन शांत होतं’, ‘दिवसाची सुरुवात छान होते’ हे जरूर लिहा. ‘डिप्रेशन जातं’ लिहिलंत की परत आजारावर आलात.

बाकीचे सुटतात हे खरं आहे. अंमलबजावणी असमान आहे, त्यात मी कोणाची वकिली करणार नाही. पण व्ह्यूजसाठी एक सांगते. भीमरूपी शोधणारा माणूस पहिली ओळ टाइप करतो, आणि बहुतेकदा चुकीची. टॅगची खरी जागा तिथे आहे : ‘भिमरुपी’, ‘भीमरुपी महारूद्रा’, `bhimrupi maharudra`, `maruti stotra marathi`. आजारांची नावं टॅगमध्ये भरणं म्हणजे व्हिडिओत नसलेलं सांगणं, आणि दिशाभूल करणाऱ्या मेटाडेटावर यूट्यूबचा वेगळा नियम आहेच.

जुने व्हिडिओ उडवू नका. वर्षानुवर्षांच्या कमेंट आणि लिंका त्याबरोबर जातील. आधी ज्यात औषध बंद करण्याचा उल्लेख आहे ते शोधा आणि दुरुस्ती होईपर्यंत प्रायव्हेट करा. ‘अनलिस्टेड’वर भागवू नका, लिंक असलेल्या कोणालाही तो दिसतो. नियम तर प्रायव्हेट व्हिडिओलाही लागू असतात, म्हणून दुरुस्ती लांबवू नका. मग आजारांची नावं असलेली थंबनेल आणि शीर्षकं, त्यानंतर वर्णनं, टॅग आणि पिन केलेल्या कमेंट. सबटायटलची फाइल डाउनलोड करून ‘गोळी’, ‘डॉक्टर’, ‘बरा’, ‘गॅरंटी’ हे शब्द त्यात शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या जुन्या पोस्टरचं काही करता येणार नाही, पण त्यावरची लिंक निदान दुरुस्त पानावर जाईल.