पहिली ते सातवीचा एकच नाच बसवायचाय? मग गाणं असं निवडा

गॅदरिंग जवळ आलं की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एकच प्रश्न फिरतो, "यंदा ग्रुप डान्सला कोणतं गाणं घेऊ?" उत्तरादाखल दहा-वीस गाण्यांची यादी येते. एकाच वर्गाचा नाच असेल तर त्या यादीतलं एखादं गाणं चालून जाईल. पण छोट्या शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंतची मुलं एकत्र घेऊन नाच बसवायचा असतो, तेव्हा सहा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच ठेक्यावर उभे राहतात. तिथे गाणं गाजलेलं आहे की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. त्या गाण्यात लहानांना पाय टाकायला जागा आहे का आणि मोठ्यांना न लाजता करण्याजोगं काही आहे का, एवढंच बघायचं.

आधी प्रसंग ठरवा. गाण्याचा मूड ठरवणं म्हणजे आनंदी किंवा भावुक असा शिक्का मारणं नव्हे. ज्या प्रसंगात लहान-मोठी मुलं खरोखर एकत्र असतात, तो प्रसंग घ्या. सुगी, दिंडी, भोंडला, नारळी पौर्णिमा. या प्रसंगांत प्रत्येक वयाला आपापलं काम असतं, त्यामुळे लहान मूल मध्येच का उभं आहे असा प्रश्न बघणाऱ्याला पडत नाही. प्रेमगीत घेतलं की लहानांना त्यात जागाच नसते, आणि सातवीची मुलं-मुली एकमेकांकडे बघायचंही टाळतात. शहीद जवानाचं किंवा आईच्या आठवणीचं गाणं घेतलं तर अडचण उलटी. मोठी मुलं चेहरा गंभीर ठेवतात, पण पहिलीतल्या मुलाला समोर आई दिसली की ते हसून हात हलवतं. त्यात त्याची काही चूक नाही. अडीच मिनिटं दुःख धरून ठेवणं त्या वयाला जमत नाही, आणि त्या एका हातामुळे अख्खा प्रसंग मोडतो. म्हणून मिश्र वयासाठी हसरा चेहरा चालेल असाच प्रसंग घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आपण नारळी पौर्णिमेचं कोळीगीत घेऊ आणि ते शेवटपर्यंत तपासून बघू. समजा चोवीस मुलं आहेत: पहिली-दुसरीची आठ, तिसरी ते पाचवीची दहा, सहावी-सातवीची सहा. स्टेज चोवीस फूट रुंद, सोळा फूट खोल.

कोळीगीताचा ठेका बहुतेक वेळा सहा मात्रांचा असतो आणि त्यात होडीसारखा झोका असतो. इथेच पुष्कळदा गडबड होते. शिकवताना सवयीने एक ते आठ मोजलं जातं, मग मोजणी आणि गाणं वेगवेगळ्या वाटेने जातात आणि मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत बसतात. मोजायचं असं: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. लहानांनी फक्त एकला डावीकडे आणि चारला उजवीकडे झुकायचं, बस्स. मोठ्यांनी एकला पाय टाकायचा आणि तीनला हलकी उसळी घ्यायची, पुन्हा चारला पाय आणि सहाला उसळी. एकाच ठेक्यावर सोपं आणि अवघड अशी दोन्ही पावलं बसतात आणि शेजारी शेजारी ती विसंगत दिसत नाहीत. मिश्र वयासाठी मला कोळीगीत सोयीचं वाटतं ते यासाठी.

आता वेग. डावीकडचा एक आणि उजवीकडचा दुसरा असे झोके धरून, घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती झोके येतात ते मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ९० ते १०५ झोके हा पट्टा सगळ्यांना झेपतो. लहान मुलांना जलद गाणं जमत नाही असा सर्वसाधारण समज आहे, तो अर्धाच खरा आहे. सहा वर्षांच्या मुलाला मनाने टाळ्या वाजवायला सांगा, तो बहुधा मोठ्या मुलांपेक्षा जलदच वाजवेल. त्याला अवघड जातं ते थांबणं. त्यामुळे फार संथ गाण्यात लहान मुलं ठेक्याच्या आधीच पोहोचतात आणि पुढची हालचाल सुरू करून मोकळी होतात. जलद गाण्यात जागच्या जागी ती छान नाचतात, पण गिरकी घ्यायची किंवा जागा बदलायची वेळ आली की घोटाळा होतो. १२५च्या पुढे गेलं की लहानांची पावलं नुसत्या उड्या होतात. आणि सुरुवातीला संथ असून वाढत जाणारं गाणं, जसं दिंडीत पुष्कळदा असतं, ते मिश्र गटाला टाळावंच. वेग वाढतो तिथे मोठी मुलं पुढे निघून जातात आणि लहानांची रांग मागे राहते.

गाणं पसंत आहे पण थोडं जलद आहे, तर मोबाइलवरून हळू करू नका. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात Change Tempo वापरा. त्याने सूर तोच राहतो आणि फक्त वेग बदलतो. १०८चं गाणं १००वर आणायला साडेसात टक्के कमी करावं लागतं, तेवढं कानाला खटकत नाही. त्याहून बरंच जास्त खेचलं की गायकाचा आवाज लांबट आणि ढोलकीची थाप पसरट ऐकू येते. तसं झालं तर सरळ दुसरं गाणं शोधावं.

ज्याकडे जवळपास कोणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे दोन कडव्यांमधलं म्युझिक. चोवीस मुलं हात पसरून या स्टेजवर एका वेळी मावत नाहीत. पहिलीच्या मुलाला साडेतीन फूट लागतात, सातवीच्याला पाच. म्हणून गट आत-बाहेर होणार, आणि ती ये-जा या म्युझिकमध्येच होणार. विंगेतून स्टेजच्या मध्यापर्यंत बारा फूट. नाचत चालताना पहिलीतलं मूल एका झोक्याला जेमतेम फूटभर सरकतं, म्हणजे बारा झोके, शिवाय रांग नीट व्हायला तीन-चार. किमान सोळा झोके हवेतच. म्युझिक आठच झोक्यांचं असेल तर अंतरा सुरू होतो तेव्हा निम्मी मुलं अजून चालतच असतात. मग सगळे म्हणतात मुलांचा सराव कमी पडला. खरं तर गाणंच आखूड पडलेलं असतं.

आपलं गाणं १०० झोक्यांच्या वेगाने असं कापून ठेवायचं. सुरुवातीचे सोळा झोके, नुसत्या समुद्राच्या आवाजावर किंवा ढोलकीवर. मग बत्तीस झोक्यांचा मुखडा, बत्तीस म्युझिक, बत्तीस पहिला अंतरा, सोळा मुखडा. पुन्हा बत्तीस म्युझिक, बत्तीस दुसरा अंतरा, सोळा मुखडा, आणि शेवटी बत्तीस झोके मुखडाच दोनदा. एकूण २४० झोके, म्हणजे दोन मिनिटं चोवीस सेकंद. मूळ गाणं चार मिनिटांचं असलं तरी तिसरं कडवं काढून टाका. अडीच मिनिटांपुढे पहिलीतल्या मुलांचं लक्ष विंगेत उभ्या असलेल्या मित्रांकडे जायला लागतं. कापताना मुखडा संपतो तिथेच, पुढच्या मात्रेच्या बरोबर आधी कापा. मध्येच कापलं तर झोका उलटा पडतो आणि डावीकडे झुकणारी मुलं उजवीकडे जातात.

मुखडा चार वेळा येतो, तो सगळ्यांचा आणि प्रत्येक वेळी तोच. लहानांना शिकवायचा तो एवढाच, शिवाय आत येणं आणि बाहेर जाणं. पहिला अंतरा मधल्या गटाचा: टोपल्या घेऊन बाजाराला जाणं. दुसरा मोठ्यांचा: होडी वल्हवणं आणि जाळं फेकणं. वल्हवताना पूर्ण पाठ, खांदे आणि गुडघे लागतात. कंबर लचकवायला लाजणारा सातवीचा मुलगा हे काम अगदी जोर लावून करतो. लहानांकडे शेवटी नारळ द्या, कागदाच्या लगद्याचा, सोनेरी कागद लावलेला. खरा नारळ पडला तर पायावर पडतो.

लहानांना मासे करायचा मोह फार होतो. तो पोशाख पायाशी अरुंद होतो आणि मुलं धडपडतात. लुगडं गुडघ्यापर्यंत आणि घट्ट कासोट्याचं, मुलांना रुमाल आणि लाल टोपी पुरे. टोपली डोक्यावर नको. एक हात ती धरण्यात अडकतो आणि मान ताठ होते. कमरेवर घेतली की झोका मोकळा राहतो. जाळंही खरं नको, ते घुंगरात अडकतं. मच्छरदाणीचं सहा बाय चार फुटांचं कापड दोघांनी धरलं की काम होतं.

शब्दांबद्दल जरा कडक राहा. पुष्कळ कोळीगीतांचा मुखडा निर्मळ असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या अंतऱ्यात नवरा-बायकोची थट्टा किंवा दारूचा उल्लेख येतो. सगळी कडवी कागदावर लिहून मोठ्याने वाचा. मुलं ते गाणं दीड महिना घरी म्हणत फिरणार आहेत. शाळेत कोळी समाजाची मुलं असतील तर त्यांच्या आई-आजीला शब्द, लुगडं नेसण्याची पद्धत आणि वल्ह्याचा हात दाखवायला बोलवा. त्या एका दुपारीत जे शिकवतात ते व्हिडिओवरून महिनाभरात येत नाही.

ठरवण्याआधी दोन परीक्षा घ्या. गाणं मोबाइलवर लावून व्हरांड्याच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून टाळी धरा. धरता आली नाही तर ठेका नुसत्या घुमणाऱ्या आवाजावर आहे असं समजा. गॅदरिंगला स्पीकरची तोंडं पालकांकडे असतात, स्टेजवर मुलांपर्यंत पोहोचते ती नुसती घरघर. ढोलकीची किंवा झांजेची कडक थाप असलेलं गाणं घ्या आणि एक छोटा स्पीकर विंगेतून मुलांकडे तोंड करून ठेवायला साऊंडवाल्याला आधीच सांगा.

दुसरी परीक्षा म्हणजे पहिली, चौथी आणि सातवीतलं एकेक मूल बोलवा. काही न शिकवता गाणं दोनदा लावा. दुसऱ्या वेळी तिघंही मुखड्याला डोलायला लागले आणि सातवीतल्याने खाली बघितलं नाही, तर गाणं घ्या. पहिलीतलं मूल नुसतं उभं राहिलं तर वेग किंवा ठेका चुकलाय. मोठा खाली बघत असेल तर बहुतेक शब्द चुकलेत.

गाणं कुठे संपतं तेही ऐका. आवाज हळूहळू विरत जाणारी रेकॉर्डिंग खूप असतात, त्यात कधी थांबायचं ते चोवीस मुलांना चोवीस वेगवेगळ्या क्षणी कळतं. शेवटच्या मुखड्याच्या अखेरच्या मात्रेवर गाणं कापून तिथे ढोलकीची एक ठळक थाप जोडा. त्या थापेला लहानांनी नारळ वर करायचा, मोठ्यांनी वल्हं टेकवायचं, आणि पडदा पडेपर्यंत कोणी हलायचं नाही.