प्रतिक्रियेला उत्तर: १९९७ ला पाऊस पडला, २००२ ला का नाही?

प्रतिक्रिया: "एल निनो आला की दुष्काळ, असं तुम्ही लिहिता. मग १९९७ ला एवढा प्रचंड एल निनो असूनही पाऊस सरासरीला पुरून उरला, त्याचं काय? आणि पेरूजवळचं पाणी दोन अंशांनी तापलं म्हणून आमच्या बीडला ढग का अडावेत? मला हा योगायोगांचा खेळ वाटतो."

उत्तर:

नमस्कार. १९९७ चं उदाहरण तुम्ही काढलंत हे फार बरं झालं, कारण या विषयाची खरी किल्ली त्यातच आहे. त्याच्या शेजारी २००२ ठेवून पाहू. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक, तरी भारतात मोसमाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा एल निनो मध्यम ताकदीचा, पण पाऊस ८१ टक्के. त्या वर्षीच्या जुलैत तर नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला, आणि एप्रिलमधला अंदाज मात्र सर्वसाधारण पावसाचा होता. प्रशांत महासागराचं पाणी किती तापलं एवढंच पाहिलं तर या दोन वर्षांचा हिशेब जुळत नाही. कुठे तापलं हे पाहिलं की जुळू लागतो.

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर उंच, गडगडाटी ढग उभे राहायला पृष्ठभागाचं पाणी साधारण २८ अंशांच्या आसपास लागतं. त्याखाली एखाददुसऱ्या अंशाने पाणी तापलं तरी आकाशात फारसा फरक पडत नाही. तो उंबरठा ओलांडला की मात्र थोड्याशा वाढीनेही ढगांचं रान माजतं. पेरूजवळचं पाणी मुळातच गार. १९९७ मध्ये ते तीन-चार अंशांनी तापलं, आकडा भयंकर दिसला, पण त्या वाढीचा बराचसा भाग उंबरठ्यापर्यंत पोचण्यातच खर्ची पडला. प्रशांत महासागराच्या मध्यभागी, १८० रेखांशाच्या आसपास, पाणी आधीच २८ च्या वर असतं. तिथे २००२ मध्ये एका अंशाच्या आसपास वाढ झाली आणि एरवी इंडोनेशियाच्या बाजूला जमणारे ढग पूर्वेकडे सरकले.

आता बीडचा प्रश्न. त्या ढगांमध्ये बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते, तिच्यामुळे हवा बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढते आणि वर पसरते. वर गेलेल्या हवेला कुठेतरी खाली यावंच लागतं. हे खाली येणं इतकं संथ असतं की वारा म्हणून ते कुणाला जाणवत नाही. पण उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी पडते. जमिनीलगत समुद्राचं दमट वारं येत राहतं, ढगही जमतात, पण वरच्या कोरड्या थरात ते वाढत नाहीत. ढगाळ आभाळ आणि कोरडं रान, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. २००२ मध्ये हवा उतरण्याची ही जागा भारतावर आली. १९९७ मध्ये ती मुख्यतः इंडोनेशिया आणि पश्चिम प्रशांतावर राहिली, म्हणून तिथे भीषण कोरड पडली आणि जंगलं जळत राहिली.

हा योगायोग नाही, हे तपासता येतं. हवामानशास्त्रज्ञ के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १३२ वर्षांची पावसाची नोंद पाहिली. भारतातल्या तीव्र दुष्काळांच्या वर्षी एल निनो होताच, पण प्रत्येक एल निनोला दुष्काळ पडला नाही. मग त्यांनी वातावरणाच्या संगणकीय प्रतिमानात फक्त समुद्राचं तापमान बदललं, एकदा मध्य प्रशांताची तापण आणि एकदा पूर्वेची. भारतावर हवा उतरणं आणि पाऊस घटणं मध्य प्रशांताच्या तापण्यानेच ठळक झालं.

१९९७ ला आपल्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. हिंद महासागराचा पश्चिम भाग तापला होता आणि सुमात्राजवळचं पाणी गार झालं होतं. यालाच धन हिंद महासागरी द्विध्रुव म्हणतात. तो असला की मान्सूनला बहुधा मदत होते. त्याच तापलेल्या पाण्याने वर्षाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत महापूर आणले. एका महासागराची तापण एकाला हात देते आणि दुसऱ्याला बुडवते, ती अशी.

एक मर्यादा मात्र मान्य करायलाच हवी. समुद्र मोसमाचा कल ठरवतो, आठवड्याचा पाऊस नाही. २००२ च्या जुलैतला एवढा लांब खंड केवळ प्रशांतामुळे पडला असं मी म्हणणार नाही. वातावरणाचे स्वतःचे महिना-दीड महिन्याचे चढउतार असतात, आणि ते समुद्राच्या कलाच्याच दिशेने पडले की घाव दुप्पट बसतो. बीडसारख्या एका जिल्ह्याचा पाऊस तर स्थानिक कारणांनीही हलतो.

म्हणून पुढच्या वेळी एल निनोची बातमी आली, की तापमानवाढीच्या एका आकड्यावर थांबू नका. नकाशा उघडा आणि २८ अंशांच्या वरचं पाणी १८० रेखांशापलीकडे किती सरकलंय ते बघा. मग सुमात्राकडेही नजर टाका. आणि हे मे-जूनमध्ये पाहा, कारण एप्रिलआधीच्या प्रशांताच्या अंदाजांवर भरवसा कमीच ठेवावा लागतो.