रद्द विमान : परतावा की दुसरे विमान?

"विमान ऐनवेळी रद्द झाल्यास लगेच परतावा घ्यावा का?"

घाई करू नये. मोबाईलवरील संदेशातले परताव्याचे बटण दाबले की पर्यायी विमान देण्याची कंपनीची जबाबदारी सहसा संपते आणि नवे तिकीट त्या दिवशीच्या चढ्या भावाने आपल्यालाच काढावे लागते. धुक्यामुळे माझे जळगाव-मुंबई विमान रद्द झाले, तेव्हा मी काउंटरवर दुसऱ्या दिवशीची जागा मागितली आणि ती जादा पैसे न भरता मिळाली. शेजारच्या गृहस्थांनी मात्र परतावा घेऊन भुसावळहून रात्रीची रेल्वे धरली, आणि मुंबईचे काम सकाळीच असल्याने त्यांचेही बरोबरच होते.

विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाला प्रतीक्षेच्या काळात खाणेपिणे आणि गरजेनुसार हॉटेल द्यावे, असा डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेचा नियम आहे. पण ते मागावे लागते, आपणहून कोणी देत नाही. हवामानामुळे विमान रद्द झाल्यास वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, तिकिटाचे पैसे मात्र परत मिळतात. त्यांऐवजी पुढील प्रवासासाठी क्रेडिट देऊ केल्यास ते नाकारता येते. रद्द झाल्याचा संदेश व बिले जपून ठेवावीत; कंपनीने दाद न दिल्यास सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करताना तीच लागतात.