चौतीस रुपये बाकी

काल रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. 'आपल्याकडे ३४ रुपये बाकी आहेत. कृपया लवकर जमा करावेत.' खाली दुकानाचं नाव आणि एक लिंक. दुकान माझ्या वडिलांचं. मेसेज पाठवणारं ॲप त्यांच्या फोनमध्ये मीच टाकून दिलेलं, आणि त्यातलं 'आपोआप आठवण पाठवा' हे बटणही मीच माझ्या या उजव्या बोटानं दाबलेलं.

वर त्यातली गंमत अशी की ते ३४ रुपये मी भरलेले आहेत. माझ्या खात्यातून ते गेलेत. आप्पांच्या खात्यात ते पोचलेले नाहीत. सध्या ते कुठे आहेत हे कोणीच सांगू शकत नाही.

आप्पांचा पुण्याच्या मंडईत कांदा, बटाटा, लसूण, आल्याचा गाळा आहे. मंडईची इमारत १८८६ सालची. जाड दगडी भिंती, वर लोखंडी कैच्या आणि आत मोबाइलची रेंज ओट्यागणिक वेगळी. ही इमारत बांधायला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे इमारतीला नाव त्यांचंच मिळालं. ही गोष्ट मी आप्पांना मुद्दाम सांगितली होती. म्हटलं, विरोध करणाऱ्याचंच नाव शेवटी पाटीवर लागतं, तेव्हा तुम्हीही क्यूआरला विरोध करू नका. ते म्हणाले, "त्यांना विचारून लावलं का?"

पहिली चूक माझी. सुरुवातीला मी घाईघाईनं माझ्याच खात्याचा क्यूआर छापून वजनकाट्याला चिकटवला. तीन आठवड्यांत कांद्या-बटाट्याचे ३८,००० रुपये माझ्या खात्यात आले आणि पाच तारखेला बँकेनं त्यातून माझ्या मोटारसायकलचा हप्ता शांतपणे कापून घेतला. "माल माझा, पैसे तुझे, गाडी तुझी. छान पद्धत आहे," आप्पा म्हणाले. त्यानंतर बँकेत जाऊन दुकानाच्या नावानं चालू खातं काढलं आणि व्यापाऱ्यांचा म्हणून जो क्यूआर असतो तो घेतला. तोवर घरी आठ दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

पण खरी अडचण आप्पांची नव्हती. ती होती पोत्यावरच्या काकांची.

हे काका निवृत्त आहेत. कुठून, ते कोणाला माहीत नाही. रोज दहा वाजता येतात, आमच्या रिकाम्या बारदानांच्या चळतीवर बसतात, आमचाच पेपर मोठ्यानं वाचतात, आमचाच चहा पितात आणि बारा वाजता लसणाची एक कुडी 'बघायला' म्हणून खिशात टाकून जातात. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी काही विकत घेतल्याचं मला आठवत नाही. पण धंद्यातला त्यांचा सल्ला आप्पांना वेदवाक्य.

मागच्या वर्षी, २०२५च्या जुलैत, कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरात दुकानदारांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. काकांना तो पेपर म्हणजे पुरणपोळीचं ताट.

"आप्पा, ऐका. हावेरीचा भाजीवाला. नोटीस २९ लाखांची! कशामुळे? तर हे चिकटवलं म्हणून." काकांनी चष्म्याची काडी क्यूआरकडे रोखली.

मी म्हणालो, "काका, ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. तो भाजीवालाही हेच सांगत होता."

"मग नोटीस का आली?"

"चार वर्षांत त्याच्या खात्यात १ कोटी ६३ लाख जमा झालेले दिसले म्हणून. पैसे आले एवढं त्यांना दिसलं, कशाचे आले ते दिसलं नाही."

"म्हणजे दिसतं."

"काय?"

"पैसे. दिसतात त्यांना." काकांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी क्यूआरकडे पाहिलं. एका बाईनं पाव किलो आलं मागितलं, तिच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

"अहो, म्हणून तर हिशेब ठेवायचा!" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. "गुलटेकडीच्या आडत्याची रोजची बिलं आणि आपली रोजची विक्री, दोन्ही मांडलेलं असलं की नोटीस आली तर समोर ठेवता येतं. अमुक इतका कांदा घेतला, तोच इतक्याला विकला, बाकी काही नाही."

"म्हणजे नोटीस येणार," काका म्हणाले.

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालास. 'आली तर' म्हणालास. बरं, तू ताज्या भाजीवर कर नाही म्हणतोस." त्यांनी ढिगातून एक कांदा उचलला. "हा उन्हाळी कांदा. एप्रिलमध्ये काढला, चाळीत पडून होता, आता ऑगस्ट आलाय. हा ताजा कसा?"

"कायद्यात ताजा म्हणजे प्रक्रिया न केलेला. वाळवून चकत्या केल्या, भुकटी केली, तर गोष्ट वेगळी."

"प्रक्रिया झाली नाही म्हणजे ताजा?"

"हो."

"मग मीही ताजा," म्हणून काकांनी कांदा खिशात टाकला.

आल्यावाली बाई एव्हाना पलीकडच्या गाळ्यावर गेली होती. तिथं तिनं क्यूआरवर पैसे दिले, हेही मी आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "जाऊ दे. तिला सुटे द्यावे लागले असते."

मग मी आमच्या कर सल्लागाराचा मुद्दा काढला. आयकरात छोट्या व्यापाऱ्याला अंदाजे नफा धरायची सोय आहे: रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. आमची वर्षाची विक्री ३६ लाखांची. सगळी रोख दाखवली तर नफा २ लाख ८८ हजार. निम्मी यूपीआयनं आली तर २ लाख ५२ हजार. मी पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं. आप्पांनी शांतपणे विचारलं, "पहिल्यात कर किती बसतो?" शून्य. "आणि दुसऱ्यात?" शून्यच. "मग पुठ्ठा खराब का केलास?"

ते बधले ते वहीमुळे. उधारीची खतावणी ॲपमध्ये उतरवायला मी दोन रविवार घातले. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर 'श्री लक्ष्मी प्रसन्न' आणि पुढे ६१ खाती, त्यात एकही धड नाव नाही. मफलर. दोन मुली बाई. खानावळ जिना. खानावळ उधारतोंड. घासाघीस मास्तर. आप्पा शोधणार याच नावांनी, म्हणून मीही तशीच टंकली आणि पुढे मोबाइल नंबर घातले. जिना खानावळीच्या खात्यात आकडे जुळेनात. एका पानाच्या तळाशी 'पुढे नेले ३,८६०'. दिवाळीला वही बदलली, तिच्यात 'मागील बाकी ३,३६०'. आप्पांचा आठ पुसट झाला आणि त्यांनीच तो तीन वाचला. पाचशे रुपये लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर गेले. आप्पा त्या दोन पानांकडे बराच वेळ बघत राहिले. मग वही मिटून म्हणाले, "तुझ्या त्यात पुढे न्यावं लागत नाही?" लागत नाही, मी म्हणालो. त्यांनी त्याच संध्याकाळी जिन्यावरच्या खानावळीत जाऊन पाचशे वसूल केले, आणि काकांना त्यातलं काही सांगितलं नाही.

पुढे एका पोरानं ६४० रुपयांचा बटाटा नेला आणि हिरवी टिक असलेला स्क्रीन दाखवून गेला. पैसे आलेच नाहीत. टिक त्याच्या फोनमध्ये असते, पैसे आपल्या खात्यात यावे लागतात, हे मी आधी नीट सांगायला हवं होतं. मग बोलणारी डबी घेतली, महिना सव्वाशे रुपये भाड्यानं. "बोलायचं भाडं?" आप्पा म्हणाले. "हे काका फुकट बोलतात." पण तेव्हापासून नियम पक्का: डबी बोलल्याशिवाय पिशवी हलणार नाही.

आठवणीच्या मेसेजनी मध्येच एक घोटाळा केला. मेसेजमधल्या लिंकवर ग्राहकाला त्याचं खातं दिसतं, आणि खात्यावर त्याचं नाव, जसं आपण टंकलं तसं. एक वयस्क गृहस्थ त्याची छापील प्रत घेऊन आले. वर ठळक अक्षरांत 'घासाघीस मास्तर'. त्यांनी २२० रुपये एका फटक्यात मोजून ठेवले, एक रुपयाही कमी केला नाही, आणि त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. आप्पा अजून त्यांची वाट बघतात. मी सगळी नावं बदलू या म्हणालो, तर म्हणाले, "मग मला कळणार कसं कोण कोण ते?"

आता काल. आईनं कांदे आणि आलं आणायला सांगितलं. मी घरचा, पण आप्पांचा नियम असा की घरचा मालही मांडला गेला पाहिजे. हिशेब डिजिटल झाल्यापासून त्यांचं हे नवीनच. ३४ रुपये झाले. मी स्कॅन केलं, पिन घातला. माझ्या खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला. डबी गप्प. पंधरा सेकंद, तीस सेकंद. मागे रांग.

"आप्पा, गेलेत. हे बघा."

"डबी बोलली नाही."

"अहो, मी आहे!"

"तो पोरगाही हेच म्हणाला होता."

पोत्यावरून काका म्हणाले, "स्क्रीन कोणीही दाखवतो रे बाळा."

नऊ वर्षं फुकट चहा पिणारा माणूस मला, माझ्याच बापाच्या गाळ्यावर, मी आणलेल्या डबीसमोर हे सांगतो. हे पैसे अडकले की दुकानदाराच्या खात्यात पोचतील, नाहीतर पाच दिवसांत माझ्याकडे परत येतील, असा नियम आहे, आणि नियम चांगला आहे. पण तो नियम करणारा कोणी मंडईत पिशवी हातात धरून, मागे बायकांचे उसासे ऐकत उभा राहिलेला नसणार. बँकेच्या मदत क्रमांकावर एक बाई मला तीनदा एक दाबायला, दोनदा तीन दाबायला लावून 'व्यवहार प्रक्रियेत आहे' म्हणाली. म्हणजे आता ताजाही नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "बरं, ने. नावे टाकतो," आणि दोन बोटांनी, सराईतपणे, माझ्या नावे मांडलं. गेल्या वर्षी त्यांना फोन उलटा धरून दिला तरी कळत नव्हतं.

रात्री मेसेज आला. लिंक उघडायची नाही असं ठरवलं होतं. झोप येईना, तेव्हा उघडली. कांदे, आलं, तारीख, वेळ, बाकी ३४ रुपये, सगळं बिनचूक. वर ग्राहकाचं नाव: दीडशहाणा.