टॉवेलचा कुबट वास

«टॉवेल दर दोन दिवसांनी मशीनला लावते, तरी अंग पुसलं की कुबट वास येतो. अजून किती वेळा धुवायचे?»

ताई, धुणं वाढवू नका, वाळवणं सुधारा. आमच्याकडेही पावसाळ्यात हेच चालायचं. ओला टॉवेल बाथरूमच्या दारामागे खुंटीवर घडी पडलेला लटकायचा. वरून कोरडा लागायचा, पण घडीत बोट घातलं की ओलच. जंतू वाढतात ते तिथेच. आता पंख्याखाली दांडीवर पूर्ण पसरतो, आणि तीन-चार वापरांनंतर धुतो.

दुसरं म्हणजे सॉफ्टनर बंद करा. त्याचा थर सुतावर बसतो आणि टॉवेल पाणी टिपत नाही. पावडरही जास्त झाली की धाग्यांत अडकून राहते. ओळखायचं कसं? धुतलेला टॉवेल कोमट पाण्यात बुडवून चोळा. पाणी बुळबुळीत किंवा फेसाळ झालं, तर पावडर निम्मी करा. मग एकदा ६० अंशांवर धुऊन उन्हात टाका.

अंतर्वस्त्रं मात्र रोज, त्यात सूट नाही. फक्त कडकडीत पाणी नको, इलास्टिक सैल पडतं. चादर आठवड्याने, उन्हाळ्यात घामाघूम होत असाल तर त्याआधीच. जीन्स मी सात-आठ वेळा घालतो, डाग तेवढा ओल्या फडक्याने पुसतो. धुतोच तेव्हा उलटी करून, थंड पाण्यात. आमच्या आईला अजून हे पटत नाही, ती संधी मिळताच भिजवते!